काचेतला कॅमेरा

चकाकीला उपाय पोलरायझर, हे समीकरण सेटवर इतके रूढ आहे की तो आरशापुढेही लावला जातो. तिथे त्याचा काही उपयोग नाही. आरशातला प्रकाश परततो तो काचेमागच्या धातूच्या थरावरून, आणि धातू प्रकाशाचे ध्रुवीकरण जवळजवळ करतच नाही. आरशाचा प्रश्न फक्त कोनाचा. मदतनीसाने आरशात पाहावे; त्याला लेन्स दिसली, तर लेन्सलाही तो दिसणारच. आरशाच्या एका कडेमागे लाकडी पाचर घालून तो ५ अंश फिरवला, की त्यातले दृश्य १० अंश सरकते. ३ मीटरवर याचा अर्थ जवळजवळ अर्धा मीटर, आणि कॅमेरा चौकटीबाहेर जायला तेवढे बऱ्याचदा पुरते. नटीला मग लेन्सच्या प्रतिबिंबाशेजारी नजर ठेवायला सांगावे. ती स्वतःला पाहतच नसते, पण प्रेक्षकाला ते कधी खटकत नाही.

साध्या काचेचे गणित वेगळे. समोरून पाहिल्यास तिच्या दोन पृष्ठभागांवरून मिळून साधारण ८ टक्के प्रकाश परततो. भर दुपारी रस्त्यावरून हॉटेलच्या खिडकीतले गिऱ्हाईक टिपायचे आहे, आणि रस्ता आतल्यापेक्षा बारापट उजळ आहे, असे धरू. बाराचे ८ टक्के म्हणजे जवळपास एक: रस्त्याचे प्रतिबिंब आणि माणसाचा चेहरा सारखेच ठळक. आत दिवे वाढवणे हा एक मार्ग, पण रस्ता काळा करणे स्वस्त. कॅमेरा काचेपासून २ मीटरवर असेल आणि चौकटीत १ मीटर रुंद काच येत असेल, तर कॅमेऱ्याच्या रेषेतले काळे कापड २ मीटर रुंद हवे, उंचीही त्याच हिशोबाने दुप्पट. मध्ये लेन्सपुरते भोक ठेवावे. कापड काचेजवळ नेले तर लहान चालते. मात्र त्यावर ऊन पडू देऊ नये. उन्हातले काळे कापड काचेत करडे दिसते.

पोलरायझर खरा कामाचा तिरक्या काचेला. काचेच्या लंबापासून ५६ अंशांच्या आसपास परतणारा प्रकाश जवळपास पूर्ण ध्रुवीकृत असतो, म्हणून फिल्टर फिरवता फिरवता प्रतिबिंब विरून जाते. समोरासमोर हे घडत नाही. शिवाय दीड ते दोन स्टॉप प्रकाश जातो, तो अंधाऱ्या हॉटेलात परवडेलच असे नाही. कॅमेरा पॅन होत असेल तर कोन बदलत जातो आणि पुसलेला रस्ता शॉटच्या मध्यावर परत उगवतो, म्हणून फिल्टर सुरुवातीच्या नव्हे, तर सर्वांत उघड्या पडणाऱ्या कोनासाठी जुळवावा. गाडीच्या मागच्या काचेत यातून ठिपक्यांची नक्षीही उमटू शकते. ती धूळ नव्हे, कडक केलेल्या काचेतला ताण असतो. पुसून जात नाही. फिल्टर काढून काळे कापडच लावावे लागते.