कॅप्शन, डेमो व्हिडिओची

नव्या कंपनीचे उत्पादन चालवून दाखवणाऱ्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओसोबतची एक-दोन वाक्ये. काय दिसणार आहे, एवढेच ती सांगतात. बेंगळुरूच्या व्हाइटफील्डमध्ये कामावर निघालेला माणूस मेट्रोत उभ्याने, आवाज बंद ठेवून फोन चाळत असतो. व्हिडिओ बघायचा की पुढे सरकायचे, हे तो ही वाक्ये वाचून ठरवतो. म्हणून कॅप्शनमध्ये उत्पादनाचे वर्णन नको, पडद्यावरची कृती हवी. व्हाइटफील्डचेच उदाहरण घेऊ. २०२४च्या उन्हाळ्यात इथल्या अनेक सोसायट्या टँकरच्या पाण्यावर होत्या. समजा, टँकरचा हिशेब ठेवणारे एक ॲप आहे. व्हिडिओत गेटवरचा वॉचमन टँकरच्या मीटरचा फोटो काढतो, लिटरचा आकडा आपोआप नोंदला जातो आणि महिन्याचे बिल सेक्रेटरींच्या फोनवर उमटते. ‘सोसायटीच्या पाणी-व्यवस्थापनाचा स्मार्ट मार्ग’ या कॅप्शनमधले काहीच पडद्यावर दिसत नाही. ‘मीटरचा एक फोटो, आणि टँकरचे बिल सेक्रेटरींच्या फोनवर. ३० सेकंदांचा व्हिडिओ.’ यातले सगळे दिसते, तेही याच क्रमाने.

सगळे आधीच सांगितले तर उत्सुकता उरत नाही, हा आक्षेप गोष्टीच्या बाबतीत खरा आहे. डेमोत मात्र बघणाऱ्याला शेवट काय होतो यापेक्षा ते खरेच चालते का, हे पाहायचे असते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: नुसता फायदा सांगणारी कॅप्शनही चालते. ड्रू हाउस्टनने एप्रिल २००७मध्ये ड्रॉपबॉक्सचा डेमो मांडला तो ‘तुमचा यूएसबी ड्राइव्ह फेकून द्या’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली. त्यात कृती नव्हती, फायदा होता, आणि तरी तो डेमो गाजला. पण तो मथळा वाचणारे प्रोग्रामर होते. ड्राइव्ह घरी विसरण्याचा वैताग त्यांना रोजचा होता, त्यामुळे त्या एका वस्तूच्या नावातच त्यांना पुढचे सारे कळले. वाचणाऱ्याची अडचण इतकी नेमकी ठाऊक असेल, तर फायदा आधी लिहावा. अनोळखी गर्दीसाठी हे जमत नाही.

सर्वांत जास्त घोळ आकड्यात होतो. ‘३० सेकंदांत बिल तयार’ म्हटले की काम तेवढ्यात होते असा दावा होतो, प्रत्यक्षात ३० सेकंद ही कापून जोडलेल्या व्हिडिओची लांबी असते. फ्लॅटधारकांची यादी भरायला अर्धा दिवस लागत असेल, तर विकत घेणारा पहिल्याच दिवशी फसवल्याची तक्रार करतो, आणि ती रास्त असते. तपासायची रीत सोपी आहे. ज्याने उत्पादन पाहिलेले नाही त्याला नुसती कॅप्शन वाचायला द्यावी, काय दिसेल ते विचारावे, मग आवाज बंद करून व्हिडिओ दाखवावा. त्याने सांगितलेली एखादी कृती पडद्यावर आली नाही, तर आधी कॅप्शनमधला तो शब्द काढावा. त्या शब्दावाचून कॅप्शनच लंगडी पडत असेल, तर चित्रीकरण पुन्हा करावे.