खळ्याची दुसरी बाजू : 'बलुतं'ची साधी भाषा

दया पवारांच्या पुस्तकाचे नाव 'बलुते' नाही, 'बलुतं' आहे. गॅझेटियरे, महसुली दप्तरे आणि त्र्यंबक नारायण आत्र्यांचा 'गावगाडा' यांत हा शब्द एकारान्त येतो. पवारांनी तो तोंडात असतो तसाच मुखपृष्ठावर ठेवला. 1978 साली ग्रंथालीने हे पुस्तक काढले, तेव्हा एका अनुस्वाराकडे कुणाचे फारसे लक्ष गेले नसेल. पुस्तक वाचून वाचक का अस्वस्थ झाला, याचे उत्तर मात्र मला त्या अनुस्वाराच्या आसपास सापडते.

आधी पुस्तकाच्या जातीविषयी. 'बलुतं'ला आपण आत्मकथन म्हणतो, आणि त्यातला मजकूर पवारांच्या आयुष्यातलाच आहे. रचना मात्र कादंबरीकाराची आहे. दया पवार नावाच्या पांढरपेशा माणसाला दगडू मारुती पवार भेटतो आणि आपली हकिगत सांगू लागतो. दोघे एकच आहेत, हे वाचकाला पहिल्या पानांतच कळते. तरीही सांगणारा वेगळा आणि ऐकणारा वेगळा, ही सोय लेखक सोडत नाही. ऐकणारा नोकरी करणारा, पुस्तके वाचणारा, सभेत बसणारा आहे. ग्रंथालीच्या सभासदाने पुस्तक हातात घेतले, की तो नकळत याच माणसाच्या शेजारी जाऊन बसतो. म्हणून याला आत्मचरित्रात्मक कादंबरी म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही.

दलित लेखनाच्या धक्क्याविषयी बोलताना आपण बहुधा बोलीकडे बोट दाखवतो. महारवाड्याची भाषा प्रथमच छापली गेली, शिव्या आल्या, म्हणून मध्यमवर्ग हादरला, असे सरसकट म्हटले जाते. 'बलुतं'पुरते हे फारसे खरे नाही. संवादांत अकोले-संगमनेरकडची बोली आहे, मुंबईच्या भागात बम्बैया हिंदी आहे. पण दगडूचे निवेदन मुख्यतः शिकलेल्या माणसाच्या बोलण्यातल्या मराठीत आहे. शेजारच्या टेबलावरचा कारकून बोलेल, तशी ही भाषा आहे. ग्रामीण कथेच्या वाचकाला बोलीची सवय पूर्वीच झाली होती, आणि बोली कितीही अस्सल असली तरी 'ही तिकडची माणसे' असे म्हणून पुस्तक थोडे दूर धरता येते. दगडूच्या भाषेत ती सोय नाही.

त्या आधीच्या सहा वर्षांतला फरक पाहण्यासारखा आहे. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' 1972 चा. गोलपिठा आणि पवारांचा कावाखाना यांच्यात फार अंतर नाही. दोन्ही नागपाडा-कामाठीपुऱ्याच्या परिसरातले. ढसाळांनी त्या वस्तीसाठी अशी शब्दकळा आणली, की पांढरपेशा वाचकाला शब्दागणिक अडखळावे लागले. विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली, त्यांनाही अनेक शब्दांचे अर्थ विचारून घ्यावे लागले. हा स्फोट फार मोठा होता. पण स्फोटाकडे लांबून पाहता येते, त्याला दादही देता येते. दगडू त्याच गल्ल्यांविषयी बोलतो तेव्हा शब्द अडत नाहीत. एका खोलीत पोटभाडेकरूंची बिऱ्हाडे कशी मावत, बायका रस्त्यावरून कागद, चिंध्या, काचा, लोखंड कसे गोळा करून आणत, त्याची निवड कशी करत, कुणी वेश्यांचे कपडे कसे धूत, हे तो घरखर्चाचा हिशेब सांगावा तसे सांगतो. वडील सुक्या गोदीत कामाला होते आणि दारू पीत, हेही त्याच आवाजात येते. दाद द्यायला येथे वाक्य थांबतच नाही.

हे नीट पाहायचे तर पुस्तकाला ज्यावरून नाव मिळाले, तो गावकीचा भाग घ्यावा. महारांनी गावची कोणती कामे करायची, याची यादी दगडू देतो. सरकारी सारा तालुक्याला पोचवायचा. गावात आलेल्या अधिकाऱ्याच्या घोड्यापुढे धावायचे, त्याच्या जनावरांची निगा राखायची. दवंडी द्यायची. कुणी मेले की गावोगाव सांगावा न्यायचा. मेलेले ढोर ओढायचे. लाकडे फोडायची. जत्रेत वाजवायचे. वेशीत नवरदेवाचे स्वागत करायचे. या कामाला वेळेची मर्यादा नव्हती आणि नकार देण्याची सोय नव्हती. मोबदला म्हणजे बलुतं. सुगीत खळ्यावर जायचे आणि देईल ते धान्य बांधून आणायचे. देताना शेतकरी कुरकुरे, आळशी म्हणे, धान्य तुमच्या बापाचे आहे का असे विचारी.

वरच्या मजकुरात मी माझ्याकडून एकही विशेषण घातलेले नाही, आणि ते मुद्दाम केले आहे. यादी अशी नुसती ठेवली की काय होते, ते दिसावे. 'अन्याय', 'गुलामी', 'शोषण' हे शब्द सांगणाऱ्याने वापरले, तर वाचकाला मान डोलावून मोकळे होता येते. दगडूला ते शब्द ठाऊक नाहीत असे नाही. त्याने आंबेडकरी चळवळ पाहिली आहे, आणि एखाद्या ठिकाणी तो तसे बोलतोही. पण यादी चालू असताना तो बाजूला राहतो. क्रियापदे साधी आहेत, एकामागून एक आहेत. धावणे आणि लाकडे फोडणे या दोन कामांत पुरुषभर अंतर नाही, आणि ढोर ओढणे व नवरदेवाचे स्वागत करणे यांतही ते ठेवलेले नाही. बेरीज वाचकाने करायची. आणि बेरीज करताना त्याच्या लक्षात येते, की या व्यवहाराला दुसरी बाजू आहे आणि खळे कुणाचे तरी आहे.

हे खळे मराठी गद्यात पूर्वी येऊन गेले होते. 1915 साली प्रसिद्ध झालेल्या 'गावगाड्या'त आत्र्यांनी बलुतेदारांच्या ओळी, त्यांचे हक्क, सुगीत होणारी मागणी यांचे बारकाईने वर्णन केले. ते पुस्तक मोलाचे आहे. नगर जिल्ह्याच्या गावगाड्याची अशी माहिती दुसरीकडे मिळणे कठीण. पण आत्र्यांची नजर कुणब्याच्या खांद्यावरून पाहते. खळ्यावर लोक येतात, मागतात, रास कमी होते आणि कुणबी नागवला जातो, ही त्यांची तक्रार आहे. पवारांचे गाव धामणगाव, तेही नगर जिल्ह्यातलेच. खळेही तेच आहे, फक्त सांगणारा यावेळी पेंढी बांधून घरी निघालेला आहे. आत्र्यांचे 'बलुते' हा वसुलीचा बाब होता, आणि पवारांचे 'बलुतं' म्हणजे आज्जी-आईने घरी आणलेले दाणे. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली, की शेतकऱ्याची कुरकुर दोन्हीकडे जवळजवळ एकच आहे असे दिसते. एका ठिकाणी ती ग्रंथकाराचे मत आहे, दुसऱ्या ठिकाणी ऐकून घेतलेली वाक्ये.

येथे काळाचा हिशेब महत्त्वाचा आहे. वतन मोडावे म्हणून डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात 1928 मध्ये विधेयक आणले होते. महारांसह कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा झाला 1958 चा. म्हणजे 'बलुतं' प्रसिद्ध झाले तेव्हा या गोष्टीला अवघी वीस वर्षे झाली होती. मुंबई-पुण्यात स्थायिक झालेल्या चाळीस-पन्नाशीच्या वाचकाने सुट्टीत आजोबांच्या खळ्यावर उभे राहून हे वाटप डोळ्यांनी पाहिलेले असणे अगदी शक्य होते. त्याच्या आठवणीत तो गावचा गोड प्रसंग असेल. दगडूने काही आरोप न करता त्या आठवणीत आणखी एक माणूस उभा केला.

साधी, बोलती भाषा मराठी आत्मकथनात नवी नव्हती, हे विसरता कामा नये. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' 1934 पासून वाचकांच्या घरात आहेत. वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक त्यांनी ज्या सहजतेने सांगितला, तिच्यावर पिढ्या हसल्या. त्या साधेपणाने वाचक घरचा झाला. मग तशीच सहज भाषा पवारांच्या हाती आल्यावर वाचक का अवघडला? सोवळ्याचा त्रास सोसणारी मुलगी सोवळ्याच्या आतल्या घरातली होती. वाचकही बहुधा तिथलाच होता, आणि हसण्याचा हक्क दोघांना होता. त्या सोवळ्याला पलीकडून पाहणारा माणूस तितक्याच सहज बोलू लागला, तेव्हा हसावे की नाही हेच कळेना. दगडूला विनोद वर्ज्य नाही, पण तो केल्यावर वाचकाकडे पाहण्यासाठी तो थांबत नाही.

या भाषेची खरी कसोटी गावकीत लागते असे मला वाटत नाही. ती लागते सईच्या प्रकरणात. सई ही दगडूची पहिली बायको. संशय त्याच्या मनात शिरतो आणि संसार मोडतो. खळ्यावरच्या शेतकऱ्याविषयी बोलताना आवाज चढला नाही, आणि येथे स्वतःविषयी बोलतानाही तो उतरत नाही. परिस्थितीकडे बोट दाखवून सुटका करून घेणे त्याला सहज शक्य होते. वाचक तोपर्यंत पुरता त्याच्या बाजूचा झालेला असतो. हेच सांगणे त्याने पश्चात्तापाच्या भाषेत केले असते, तर आपण क्षमा करून पुढे गेलो असतो. तेही तो करू देत नाही. पुढे दलित स्त्रियांनी आत्मकथने लिहिली, बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये घरातल्या पुरुषाचा जाच उघडा केला, तेव्हा सईकडे पुन्हा वळून पाहणे भाग पडले. दगडूच्या पुस्तकात ती बोलत नाही. साध्या भाषेने प्रामाणिकपणा आला, पण दुसऱ्याचा आवाज त्यातून आपोआप येत नाही, ही तिची मर्यादा आहे.

अस्वस्थता केवळ सवर्ण वाचकापुरती राहिली नाही, आणि हा भाग कौतुकाच्या लेखांत लवकर आटोपला जातो. समाजातल्याच काही शिकलेल्या वाचकांना हे पुस्तक आवडले नाही. 1956 च्या धर्मांतरानंतर मेलेल्या ढोराचे मांस, येसकरपाळीच्या भाकरी, जोहार हे सारे टाकून दिले होते. शहरात बदली झालेला, कचेरीत नाव सांगताना सावध असणारा माणूस हे मागे ठेवून आला होता. बागुलांच्या कथांत वा पँथरच्या कवितेत तो अभिमानाने उभा राहू शकत होता. तिथे जखमेसोबत शस्त्र दिसत होते. 'बलुतं'मध्ये ताटात काय होते ते दिसत होते. ते आता शेजारच्या टेबलावरच्या माणसानेही वाचलेले होते, आणि भाषा इतकी सरळ होती की त्याला त्यातले काही समजले नाही असे मानायलाही जागा नव्हती.