एका शहराची दोन नावं : काराबाखची बातमी मराठीत आणताना

आता आपण एकच घटना घेऊ. सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानच्या सैन्याने नागोर्नो-काराबाखवर कारवाई केली. एका दिवसात तिथल्या आर्मेनियन प्रशासनाने शस्त्रं खाली ठेवायचं मान्य केलं आणि पुढच्या काही दिवसांत १ लाखाहून अधिक आर्मेनियन लोक घरं सोडून आर्मेनियात गेले. बातमी एवढीच. पण ती मराठीत आणायला बसलं, की पहिल्याच शब्दाला अडखळायला होतं.

तिथल्या मुख्य शहराचंच बघा. आर्मेनियन त्याला स्तेपानाकेर्त म्हणतात, अझरबैजानी खानकेंदी. खानकेंदी म्हणजे खानाचं गाव, हे नाव जुनं. १९२३ मध्ये सोविएत सत्तेने स्तेपान शाउम्यान या आर्मेनियन बोल्शेविक नेत्याच्या नावावरून ते बदललं. १९९१ मध्ये अझरबैजानने काराबाखची स्वायत्तता रद्द केली आणि पुन्हा खानकेंदी हे नाव लावलं. म्हणजे नुसतं एक नाव लिहिलं, तरी ते शहर कुणाचं याचं उत्तर दिल्यासारखं होतं. म्हणून पहिल्या उल्लेखात दोन्ही नावं द्यायची आणि कुठलं नाव कोण वापरतं, ते सांगायचं. कुणाचं विधान देत असू, तर त्याने वापरलेलं नाव बदलायचं नाही.

आता ‘फुटीरतावादी’ हा शब्द. आपल्याकडे तो उच्चारला, की आरोपीच उभा राहतो! त्याऐवजी सरळ लिहावं : तिथलं आर्मेनियन प्रशासन, ज्याला संयुक्त राष्ट्रांच्या एकाही सदस्य देशाची मान्यता नव्हती, अगदी आर्मेनियाचीसुद्धा. वाक्य लांबतं खरं, पण त्यातलं सगळं तपासून पाहता येतं.

सगळ्यात अवघड आहे ते लोकांच्या जाण्याचं क्रियापद. ‘स्थलांतर’ म्हटलं, की आपल्याला ऊसतोडीला जाणारे मजूर आठवतात. ते शब्द अझरबैजानच्या बाजूला झुकतो, कारण लोक स्वेच्छेने गेले असं तिथलं सरकार म्हणतं. ‘हाकललं’ म्हटलं, तर आर्मेनियाचा वांशिक उच्चाटनाचा आरोप आपणच सिद्ध मानला. मग काय करायचं? आपल्या तोंडी ‘घरं सोडून गेले’ ठेवायचं आणि दोन्ही दावे ज्याच्या त्याच्या नावाने द्यायचे.

पण इथेच थांबलं, तर तटस्थतेच्या नावाखाली सत्य लपतं. त्याआधी सुमारे नऊ महिने आर्मेनियाकडून येणारा लाचिनचा रस्ता अडवलेला होता, अन्न आणि औषधांची टंचाई होती. हे वगळून ‘गेले’ लिहिलं, तर शब्द तटस्थ राहतो, बातमी राहत नाही. आपलं भाषांतर कुठे झुकलंय, हे ओळखायची एक सोपी खूण आहे : विशेषणं काढून टाका. उरलेल्या मजकुरावरून लोक का गेले असतील याचा अंदाज वाचकाला बांधता येतो का, ते पाहा.