जाऊन-येऊन स्वस्त: परतीच्या तिकिटाची कुळकथा

नंदुरबारहून कुणाला सुरतेला नुसते सोडायचे असले, तरी भाड्याच्या गाडीचा मालक हिशेब दोन्ही बाजूंच्या किलोमीटरचा लावतो. सुरत दीडशेहून जास्त किलोमीटरवर आहे. गाडी तिथून रिकामी परतणार, तिचे डिझेल जळणार, ड्रायव्हरचा भत्ता द्यावा लागणार, म्हणून एकेरी फेरीचे पैसे जवळपास जाऊन-येऊन इतकेच होतात. मालवाहतुकीत हाच हिशेब उलटा दिसतो. नंदुरबारच्या बाजारातून मिरची भरून गेलेल्या ट्रकला येताना माल मिळाला, तर तो कमी दरातही घेतला जातो, कारण रिकामे येण्यापेक्षा काहीतरी हाती लागलेले बरे. एकेरी महाग आणि परतीसह स्वस्त या कोड्याचे उत्तर म्हणून बहुतेकांच्या मनात हेच रिकाम्या फेरीचे कारण असते, आणि रस्त्यावर ते खरेही आहे.

एसटीचे उदाहरण घ्या. २०२५ च्या गणेशोत्सवाआधी कोकणात जाणाऱ्या एकेरी गट आरक्षणावर महामंडळाने ३० टक्के भाडेवाढ ठरवली होती. चाकरमान्यांना कोकणात सोडून गाड्या रिकाम्या परततात आणि त्याचा तोटा महामंडळाला सोसावा लागतो, असे त्यामागचे कारण होते. लोकांची नाराजी पाहून परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी ती वाढ मागे घेतली. वाढ योग्य होती की नाही हा वेगळा प्रश्न, पण तिच्यामागचा हिशेब उघड आणि तपासता येण्याजोगा होता. गाडी कुठून रिकामी येते हे कुणालाही दाखवता आले असते.

विमानाच्या तिकिटात मात्र वेगळेच दिसते. मुंबईहून लंडनला किंवा फ्रँकफुर्टला शिकायला निघालेल्या मुलाचे एकेरी तिकीट शोधताना पालकांना कधी कधी आढळते, की त्याच विमानकंपनीचे जाण्या-येण्याचे तिकीट एकेरीपेक्षा स्वस्त आहे. जवळपास तितकेच नव्हे, चक्क कमी. रिकाम्या फेरीचा नियम लावला तर परतीची जागा फार तर फुकट पडावी. ती घेतल्यावर एकूण बिल कमी होणे त्या नियमात बसत नाही. विमानाच्या परतीच्या तिकिटाचे कूळ वेगळे आहे, असे माझे म्हणणे आहे. त्याची किंमत खर्चावरून ठरलेली नाही. प्रवासी कोणत्या प्रकारचा आहे आणि तो किती देऊ शकेल, हे त्याला न विचारता ओळखण्यासाठी ती रचलेली आहे.

या घराण्याचा मूळपुरुष रेल्वेत सापडतो. ५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुक याने इंग्लंडमध्ये लेस्टरहून लॉफबरोला दारूबंदीच्या सभेसाठी सुमारे ५०० माणसे खास गाडीने नेली आणि परत आणली. दोन्ही बाजूंचे भाडे मिळून एक शिलिंग होते. ते अंतर एका बाजूने अकरा-बारा मैलांचे. तीनच वर्षांनी, १८४४ च्या कायद्याने ब्रिटिश रेल्वेला तिसऱ्या वर्गासाठी मैलाला एक पेनी या कमाल दराने रोज एक तरी गाडी चालवणे बंधनकारक केले. त्या दराने याच मार्गाचे एका बाजूचे भाडे अकरा-बारा पेन्स होते, आणि बारा पेन्सचा एक शिलिंग. म्हणजे कायद्याने गरिबांसाठी ठरवलेल्या दरात जेवढ्यात माणूस फक्त गेला असता, तेवढ्यात कुकची माणसे जाऊन घरी परतलीही होती. ती सगळी हौसेने निघालेली होती. सामान्य भाडे पडले असते तर त्यांतले बहुतेक घरीच राहिले असते. कामासाठी लॉफबरोला जाणारा माणूस मात्र पूर्ण भाडे देतच होता, आणि त्याला कुकच्या गाडीच्या ठरलेल्या वेळा सोयीच्या नव्हत्या. स्वस्त तिकीट हौशी माणसाला मिळावे आणि कामाच्या माणसाने ते घेऊ नये, ही युक्ती इथे स्पष्ट दिसते.

विमानकंपन्यांनी ती शास्त्र म्हणून वापरली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बीओएसी ही ब्रिटिश कंपनी २१ दिवस आधी तिकीट घेणाऱ्याला स्वस्त भाडे देऊ लागली. विमान उडाले की रिकामी जागा कायमची वाया जाते, पण तीच जागा स्वस्तात आधी विकून टाकली तर शेवटच्या दिवशी धावत येणाऱ्या, हवी ती किंमत देणाऱ्या गिऱ्हाइकाला जागा उरत नाही. किती जागा स्वस्तात सोडायच्या आणि किती राखायच्या, याचा गणिती नियम त्याच कंपनीतल्या केनेथ लिटलवूड यांनी १९७२ मध्ये मांडला. पण नुसता जागांचा आकडा ठरवून भागत नाही. महाग भाडे देणाऱ्याने स्वस्त खिडकीकडे वळू नये म्हणून मध्ये कुंपण लागते. १९७७ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने ‘सुपर सेव्हर’ भाडी आणली तेव्हा ते कुंपण पूर्ण झाले: तिकीट बरेच आधी घ्यायचे, ते परतीचेच घ्यायचे आणि तिकडे किमान काही दिवस राहायचे. पुढच्याच वर्षी अमेरिकेत विमानभाड्यांवरचे सरकारी नियंत्रण उठवणारा कायदा झाला. जानेवारी १९८५ मध्ये पीपल एक्स्प्रेस या स्वस्त कंपनीला तोंड देण्यासाठी अमेरिकनने आणखी खोल सवलत दिली. तिची मुख्य अट होती, शनिवारची रात्र तिकडेच काढायची.

ही शनिवारची अट माझ्या म्हणण्याचा सर्वांत बळकट पुरावा आहे. विमानाला शनिवारी रात्री प्रवासी कुठे झोपला याने एका पैशाचा फरक पडत नाही. फरक पडतो तो माणूस ओळखण्यात. कंपनीच्या कामाने गेलेला माणूस सोमवारी जातो आणि शुक्रवारच्या आत घरी येतो. सुट्टीवर किंवा नातेवाइकांकडे गेलेला शनिवार-रविवार काढूनच येतो. एकेरी तिकीट घेणारा तर सगळ्यांत अडलेला. त्याचा परतीचा दिवस ठरलेला नाही, म्हणजे बहुधा कामाने किंवा निकडीने निघालेला. म्हणून स्वस्त भाडे परतीच्या तिकिटालाच चिकटवले आणि एकेरी मात्र पूर्ण दराचे ठेवले.

कुणी म्हणेल, परतीचे तिकीट घेणारा दोन जागा भरण्याची हमी देतो, म्हणून ही घाऊक खरेदीची सूट आहे. ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर त्या काळच्या प्रवाशांनीच काढले. समजा, एक माणूस लागोपाठ दोन आठवडे सोमवारी न्यूयॉर्कहून शिकागोला जातो आणि गुरुवारी परततो. साधे परतीचे भाडे ४०० डॉलर आणि शनिवारच्या अटीचे १५० डॉलर धरू. सरळ दोन तिकिटे घेतली तर ८०० डॉलर. आता तो एक तिकीट असे घेतो, की पहिल्या सोमवारी न्यूयॉर्कहून जाणे आणि दुसऱ्या गुरुवारी परतणे. दुसरे तिकीट शिकागोहून सुरू होणारे, पहिल्या गुरुवारी न्यूयॉर्कला येणे आणि दुसऱ्या सोमवारी शिकागोला परत जाणे. दोन्ही तिकिटांत शनिवार आला, एकूण खर्च ३०० डॉलर. माणूस तोच, विमाने तीच, दिवस तेच, आणि भरलेल्या जागाही चारच. घाऊक खरेदीची सूट असती तर दोन्ही बिले सारखी आली असती. कंपन्यांना ही युक्ती चांगलीच ठाऊक होती आणि त्यांनी आपल्या नियमांत तिला मनाई केली. जागा भरण्याचाच प्रश्न असता, तर मनाई करायचे कारण उरले नसते.

दुसरा पुरावा आपल्याच देशात आहे. भारतातल्या देशांतर्गत उड्डाणांत परतीचे तिकीट एकेरीपेक्षा स्वस्त असण्याचा प्रकार आज सहसा दिसत नाही. २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन आली, २००६ मध्ये इंडिगो आली, आणि या कंपन्यांनी प्रत्येक बाजू वेगळी विकली. जाण्याचे भाडे अधिक येण्याचे भाडे, बस्स. एका कंपनीने एकेरी स्वस्त ठेवले की दुसरीचे कुंपण कोसळते, कारण कामाचा माणूस दोन एकेरी तिकिटे घेऊन मोकळा होतो. अमेरिकेतही स्वस्त कंपन्या वाढल्या तशी देशांतर्गत मार्गांवरून शनिवारची अट विरत गेली. ती टिकली लांबच्या आंतरराष्ट्रीय मार्गांवर, जिथे एकेरी स्वस्त विकणारा प्रतिस्पर्धी क्वचितच असतो. रिकामी फेरी हे कारण असते तर स्पर्धेने ते नाहीसे झाले नसते. नंदुरबारच्या गाडीवाल्यांत कितीही स्पर्धा झाली, तरी सुरतेहून परत येण्याचे डिझेल लागतेच.

रेल्वेने २०२५ च्या सणांसाठी आणलेली परतीची योजना खर्चाचा हिशेब आणि माणूस ओळखण्याचे कुंपण या दोहोंच्या मध्ये बसते. १३ ते २६ ऑक्टोबर या काळात जाण्याचे आणि १७ नोव्हेंबर ते १ डिसेंबर या काळात परतीचे तिकीट एकत्र काढले, तर परतीच्या मूळ भाड्यात २० टक्के सूट होती. प्रवासी, वर्ग आणि स्थानकांची जोडी तीच हवी, दोन्ही तिकिटे कन्फर्म हवीत, आणि परतावा मिळणार नव्हता. मूळ भाडे एका बाजूला ५०० रुपये धरले तर जाऊन-येऊन ९०० पडतील. म्हणजे स्वस्ताई आहे, पण एकेरीपेक्षा कमी नाही. इथे खरी अडचण गर्दीची होती. दिवाळी-छठसाठी सुरत-उधन्याहून उत्तर भारताकडे गाड्या भरभरून जातात, त्यांतल्या अनेक नंदुरबारवरूनच. परतीचे लोक आधीच ठरावीक पंधरवड्यात बसवता आले, तर गाड्यांची आखणी सोपी होते. तारखांच्या अटी खर्चासाठी आहेत की माणूस निवडण्यासाठी, हे अशा प्रत्येक योजनेत विचारून पाहावे.

मग शिकायला निघालेल्या मुलाने स्वस्त परतीचे तिकीट घेऊन परतीचा भाग सोडून द्यावा का? तसे करता येते, पण नियम नीट वाचून. तिकिटाचे भाग क्रमाने वापरावे लागतात. पहिले उड्डाण चुकवले तर पुढचे सारे रद्द होते. म्हणून वापरायचा भाग नेहमी पहिला हवा, आणि परतीचे स्वस्त म्हणून फक्त त्याचा दुसरा भाग वापरण्याचा बेत फसतो. बऱ्याच कंपन्यांच्या अटींत, भाग सोडल्यास भाडे नव्याने आकारण्याचा अधिकार लिहिलेला असतो. लुफ्तान्साने एका प्रवाशावर असाच दावा लावला होता. ऑस्लो ते सिॲटल आणि परत असे तिकीट घेऊन त्याने शेवटचा फ्रँकफुर्ट-ऑस्लो भाग सोडला होता. डिसेंबर २०१८ मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने दावा फेटाळला, तो मुख्यतः भाड्याच्या फरकाची आकारणी ग्राहकाला समजेल अशी मांडलेली नव्हती म्हणून. त्या निकालाने भाग सोडणे सगळीकडे निर्धोक ठरत नाही. विद्यार्थ्याने आधी विमानकंपनीचे विद्यार्थ्यांसाठीचे एकेरी भाडे आणि त्यात मिळणारे जादा सामान पाहावे. तेही महाग पडले, तरच परतीचे तिकीट घ्यावे, आणि परतीची तारीख शक्यतो पहिल्या सुट्टीची टाकावी. ती बदलायला किती शुल्क लागते हे तिकीट काढण्याआधी विचारून घ्यावे.