मूलभूत नसलेले समाकल (अवकल समीकरणांतील)

मूलभूत नसलेला समाकल म्हणजे ज्या समाकलाचे उत्तर मूलभूत फलनांच्या सांत संयोगाने लिहिता येत नाही असा समाकल. अवकल समीकरणे सोडवताना असे समाकल वारंवार समोर येतात. समीकरण योग्य रीतीने सोडवले जाते, समाकलक गुणकही बरोबर निघतो, पण अखेरच्या पायरीवर उरलेला समाकल नेहमीच्या कोणत्याही रीतीने सुटत नाही. अशा वेळी उत्तर निश्चित समाकलाच्या रूपातच ठेवतात, आणि हे रूप पूर्ण व अचूक उत्तर मानले जाते. e^(−x²) या फलनाचा समाकल हे याचे सर्वांत परिचित उदाहरण आहे. प्रस्तुत लेखात y′ − 2xy = 1 या समीकरणाच्या आधारे या विषयाचे विवेचन केले आहे. (काही पुस्तकांत समाकलनास ‘संकलन’ व अवकलनास ‘विकलन’ म्हटले जाते.)

## मूलभूत फलने

स्थिरांक आणि चल x यांपासून आरंभ करून बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, मूळ काढणे, घातीय फलन, लॉगरिथम, त्रिकोणमितीय फलने व त्यांची व्यस्त फलने यांचा मर्यादित वेळा उपयोग केल्याने जी फलने तयार होतात त्यांना मूलभूत फलने म्हणतात.

मूलभूत फलनाचा अवकलज नेहमी मूलभूतच असतो, कारण गुणाकार, भागाकार व संयुक्त फलन यांच्या अवकलनाचे नियम ठरलेले आहेत. समाकलनाच्या बाबतीत असे नियम नाहीत. उदाहरणार्थ, 1/x हे परिमेय फलन आहे, परंतु त्याचा समाकल परिमेय फलनांत सापडत नाही. त्यासाठी लॉगरिथम हे नवे फलन स्वीकारावे लागते. मूलभूत फलनांच्या संपूर्ण समूहाबाबतही हेच घडते. त्यातील अनेक फलनांचे समाकल त्या समूहाच्या बाहेर जातात.

याचा अर्थ असा समाकल अस्तित्वातच नाही असा होत नाही. अखंड (सलग) फलनाला प्रतिअवकलज असतोच, ही कलनाच्या मूलभूत प्रमेयाची हमी आहे. e^(−x²) सर्वत्र अखंड असल्यामुळे त्याच्या आलेखाखालचे 0 ते x पर्यंतचे क्षेत्रफळ प्रत्येक x साठी निश्चित असते. त्या क्षेत्रफळाला मूलभूत फलनांच्या भाषेत सूत्र मिळत नाही, एवढाच येथे मुद्दा आहे.

## ल्यूव्हिलचे प्रमेय

एखादा समाकल कोणालाच सुटला नाही म्हणून तो मूलभूत नाही असे ठरत नाही. ते सिद्ध करावे लागते. फ्रेंच गणिती जोसेफ ल्यूव्हिल यांनी १८३०–४० या दशकात हा प्रश्न हाती घेतला. त्यांच्या १८३५ च्या निबंधातून पुढील निकष मिळतो :

f व g ही परिमेय फलने असून f शून्य नाही व g स्थिर नाही असे समजा. f·e^g या फलनाचा समाकल मूलभूत असण्यासाठी

R′ + g′R = f

या समीकरणाला R हे परिमेय फलन उकल म्हणून मिळणे आवश्यक व पुरेसे आहे. तसे R मिळाल्यास समाकल R·e^g हा असतो.

या निकषामागील कल्पना अशी की, अवकलन केल्यावर घातीय फलन नाहीसे होत नाही. त्यामुळे समाकलात e^g हा अवयव जसाच्या तसा राहिला पाहिजे, व त्याचा सहगुणक तेवढा शोधायचा उरतो.

f = x व g = −x² घेतल्यास R′ − 2xR = x हे समीकरण मिळते. R = −1/2 ही त्याची उकल आहे. म्हणून x·e^(−x²) चा समाकल −(1/2)e^(−x²) हा मूलभूत आहे.

f = 1 घेतल्यास मात्र समीकरण

R′ − 2xR = 1

असे होते. याला परिमेय उकल नाही, हे दोन पायऱ्यांत दाखवता येते.

१. R चा छेद एखाद्या (वास्तव किंवा संमिश्र) बिंदू c पाशी शून्य होतो, म्हणजे R मध्ये (x − c) चा m वा घात छेदात आहे, असे समजा. अवकलन केल्यावर R′ मध्ये तो घात m + 1 होतो. 2xR मध्ये तो जास्तीत जास्त m च असतो. त्यामुळे R′ मधील पद कशानेच रद्द होत नाही, आणि डावी बाजू 1 होऊ शकत नाही. म्हणून R ला छेद नाही. ती बहुपदी असली पाहिजे.

२. R ही n घाताची बहुपदी असल्यास 2xR चा घात n + 1 असतो व R′ चा घात त्याहून कमी असतो. म्हणून डाव्या बाजूचा घात n + 1, म्हणजे किमान 1 होतो. उजव्या बाजूचा घात 0 आहे. ही विसंगती आहे.

यावरून e^(−x²) चा समाकल मूलभूत नाही हे सिद्ध होते. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, निकषात आलेले समीकरण आणि पुढे सोडवावयाचे y′ − 2xy = 1 हे समीकरण एकच आहे. त्याला परिमेय उकल नाही, म्हणूनच त्याच्या उत्तरात न सुटणारा समाकल उरतो.

## निश्चित समाकलाच्या रूपात उत्तर

y′ − 2xy = 1 हे समीकरण y(0) = a या आद्य अटीसह सोडवावयाचे आहे. y चा सहगुणक −2x असल्यामुळे समाकलक गुणक e^(−x²) हा आहे. दोन्ही बाजूंना त्याने गुणल्यास

(y·e^(−x²))′ = e^(−x²)

असे मिळते. येथे अनिश्चित समाकल न घेता आद्य अटीच्या बिंदूपासून, म्हणजे 0 पासून, x पर्यंत निश्चित समाकल घेतात. x हे अक्षर सीमेसाठी वापरले गेल्यामुळे समाकलाच्या आतील चलासाठी t हे दुसरे अक्षर घेतात :

y(x)·e^(−x²) − a = ∫₀ˣ e^(−t²) dt

y(x) = e^(x²)·[ a + ∫₀ˣ e^(−t²) dt ]

हेच संपूर्ण उत्तर होय. ते पडताळून पाहता येते. x = 0 ठेवल्यास समाकल शून्य होऊन y = a मिळते. अवकलन केल्यास पहिल्या अवयवापासून 2xy, आणि दुसऱ्यापासून e^(x²)·e^(−x²) = 1 मिळतो; म्हणजे y′ = 2xy + 1.

आद्य अट y(x₀) = y₀ अशी असल्यास समाकलाची खालची सीमा x₀ होते आणि a च्या जागी y₀·e^(−x₀²) येते. हा गुणक विसरणे ही नेहमी आढळणारी चूक आहे. x₀ = 0 असताना त्याची किंमत 1 असल्यामुळे ती लक्षात येत नाही.

उत्तर ∫ e^(−x²) dx + C असे अनिश्चित रूपात सोडल्यास C ठरवता येत नाही, कारण x = 0 येथे त्या चिन्हाला ठरावीक किंमत नसते. खालची सीमा निश्चित केल्याने ही अडचण दूर होते. दुसरी चूक आत व बाहेर एकच अक्षर वापरल्याने होते. e^(x²) हा गुणक समाकलाच्या आत नेल्यास e^(x² − t²) असे लिहावे लागते; t च्या जागी x लिहिलेला असल्यास दोन घात एकमेकांस रद्द करतात असा भास होऊन y = a·e^(x²) + x असे चुकीचे उत्तर येते.

खालची सीमा व x यांच्या दरम्यान समाकलातील फलन अखंड असले पाहिजे, ही या रीतीची मर्यादा आहे. उदाहरणार्थ, eᵗ/t चा समाकल t = 0 ओलांडून घेता येत नाही. अशा वेळी खालची सीमा 0 न घेता आद्य अट ज्या बाजूस दिली आहे त्या बाजूचा बिंदू घेतात, आणि उत्तर त्याच बाजूपुरते ग्राह्य असते.

## संख्यात्मक किंमत

a = 1 असताना y(1) काढावयाचे असल्यास 0 ते 1 या अंतराचे चार समान भाग करून सिम्पसनचा नियम वापरता येतो. फलनाच्या किमती अनुक्रमे १, ०.९३९४१३, ०.७७८८०१, ०.५६९७८३ व ०.३६७८७९ अशा आहेत.

∫₀¹ e^(−t²) dt ≈ (1/12)·[1 + 4(0.939413 + 0.569783) + 2(0.778801) + 0.367879] ≈ 0.74686

अधिक अचूक किंमत ०.७४६८२ आहे. म्हणून y(1) ≈ 2.71828 × 1.74682 ≈ 4.748. केवळ पाच बिंदू घेऊन चौथ्या दशांश स्थळापर्यंत फरक पडत नाही, असे समाकलाच्या दोन किमतींवरून दिसते.

या समाकलाला 2/√π ने गुणून मिळणाऱ्या फलनास त्रुटिफलन म्हणतात व ते erf(x) असे लिहितात. हे नाव जे. डब्ल्यू. एल. ग्लेशर यांनी १८७१ मध्ये दिले. नाव दिल्याने समाकल सुटत नाही. त्याची कोष्टके व गुणधर्म एकत्र उपलब्ध होतात.

## उकलींचे वर्तन

निश्चित समाकलाच्या रूपावरून उकलींविषयी असे काही कळते, जे समीकरणाकडे नुसते पाहून कळत नाही. x अनंताकडे जाताना ∫₀ˣ e^(−t²) dt ची किंमत √π/2, म्हणजे सुमारे ०.८८६२२७, कडे जाते. (अनिश्चित समाकल मूलभूत नसला तरी विशिष्ट सीमांमधील किंमत अशी सुटसुटीत असू शकते, या दोन गोष्टींत विरोध नाही.) म्हणून कंसातील बेरीज अखेरीस धन होते की ऋण, हे a वर अवलंबून असते.

a = −0.88 असल्यास x = 3 येथे y सुमारे ५० असतो. a = −0.89 असल्यास त्याच ठिकाणी y सुमारे −३१ असतो. आरंभी केवळ एक शतांशाचा फरक असूनही एक उकल धन अनंताकडे व दुसरी ऋण अनंताकडे जाते. या दोहोंच्या मध्ये a = −√π/2 ही एकच किंमत अशी आहे की जिच्यासाठी उकल मर्यादित राहते :

y(x) = −e^(x²)·∫ₓ^∞ e^(−t²) dt

मोठ्या x साठी ही उकल −1/(2x) च्या जवळ असते; x = 3 येथे तिची किंमत सुमारे −०.१५९ आहे.

ही उकल संगणकावर काढताना मूळ रूप उपयोगी पडत नाही. x = 6 येथे खरे उत्तर सुमारे −०.०८२ आहे, परंतु e³⁶ ची किंमत ४ वर पंधरा शून्ये याहूनही मोठी आहे. कंसातील बेरजेत सोळाव्या दशांश स्थळी एका एककाची चूक झाली तरी उत्तरात सुमारे ०.४३ ची चूक येते, म्हणजे चूक उत्तराहून पाचपट मोठी होते. वरची सीमा अनंत घेतलेल्या रूपात दोन जवळजवळ समान संख्यांची वजाबाकी करावी लागत नाही, म्हणून ते रूप सुरक्षित ठरते. उत्तर निश्चित समाकलात ठेवताना कोणत्या सीमा घ्याव्यात याची निवड त्यामुळे प्रश्नाच्या स्वरूपावरून करतात : आद्य अट दिली असल्यास खालची सीमा तिच्या बिंदूवर, आणि अनंताजवळील वर्तनाची अट दिली असल्यास एक सीमा अनंतावर.