पासवर्ड बरोबर, तरी लॉगिन होत नाही? आधी ‘नम लॉक’ बघा

ऑफिसमध्ये लॅपटॉपला बाहेरचा मोठा कीबोर्ड जोडून काम केलं, घरी येऊन लॅपटॉप उघडला, आणि सकाळी चाललेला पासवर्ड आता चुकीचा ठरतोय. असं झालं की पहिला संशय हॅकिंगचा येतो. पण अनेकदा कारण असतं नम लॉक.

विंडोजमध्ये नम लॉक प्रत्येक कीबोर्डसाठी वेगळं नसतं. बाहेरच्या कीबोर्डवर ते सुरू केलं, की लॅपटॉपच्या कीबोर्डलाही लागू होतं. कीबोर्ड काढून टाकला तरी ते सुरूच राहू शकतं.

ज्या लॅपटॉपला उजवीकडे वेगळं नंबरपॅड नाही, अशा काही, विशेषतः जुन्या, मॉडेल्समध्ये अक्षरांच्या बटणांतच नंबरपॅड लपवलेलं असतं. U, I, O या बटणांवर कोपऱ्यात बारीक 4, 5, 6 छापलेले दिसतील. J, K, L वर 1, 2, 3 आणि M वर 0. नम लॉक सुरू असेल तर ही बटणं अक्षरांऐवजी आकडे टाइप करतात.

समजा पासवर्ड आहे jaimauli25 (उदाहरणापुरता, असा ठेवू नका). तुम्ही तोच टाइप करता, पण कॉम्प्युटरला मिळतं:

```
1a50a43525
```

ठिपके दोन्ही वेळा दहाच दिसतात, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. कॅप्स लॉक सुरू असेल तर विंडोजची लॉगिन स्क्रीन तशी सूचना देते. नम लॉकबद्दल मात्र काहीच सांगत नाही, आणि खरा घोळ इथेच आहे.

ओळखायचं कसं? पासवर्ड टाइप केल्यावर रकान्याच्या उजवीकडे डोळ्याचं चिन्ह येतं. आजूबाजूला कोणी नाही हे बघून ते दाबून धरा. अक्षरांच्या जागी आकडे दिसले, तर Num Lk बटण दाबा. काही लॅपटॉपवर सोबत Fn धरावं लागतं. बटण सापडतच नसेल, तर बाहेरचा कीबोर्ड पुन्हा जोडून त्यावरचं नम लॉक बंद करा.

उलटंही घडतं. मोठ्या कीबोर्डचं नम लॉक बंद असेल, तर नंबरपॅडवरचा 4 म्हणजे डावा बाण आणि 7 म्हणजे Home. पासवर्डमधले आकडे तिथून टाइप केले तर ठिपके कमी पडतात. ही खूण तरी डोळ्यांना दिसते.

न बघता पुन्हा पुन्हा प्रयत्न करणं महागात पडू शकतं. विंडोज ११ च्या नव्या इन्स्टॉलेशनमध्ये 10 चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं 10 मिनिटं लॉक होतं. आणि नम लॉक सुरू असतानाच घाईघाईने पासवर्ड रीसेट केलात, तर नवा पासवर्ड म्हणून आकड्यांचीच खिचडी सेव्ह होईल. नम लॉक बंद झाल्यावर तोही चालणार नाही.