बत्तीस की एकतीस?

१, २, ४, ८, १६ आणि पुढची जागा रिकामी. शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीची तयारी केलेल्या कुठल्याही मुलाला विचारा, ते क्षणात ३२ म्हणेल आणि त्या पर्यायाचे वर्तुळ काळे करून पुढच्या प्रश्नाकडे वळेल. संख्यामालिकेच्या उदाहरणांविषयी आपल्याकडे जे मत रूढ आहे ते याच घाईला धरून आहे. रिकाम्या जागेतली संख्या हेच उत्तर. ती काढायची हुकमी रीत म्हणजे लगतच्या संख्यांतले फरक काढा, जमले नाही तर फरकांचे फरक काढा. ‘नियम शब्दांत लिहा’ ही सूचना पुस्तकात असली तर असो, तिच्यावर वेळ घालवू नये, कारण ज्याला संख्या आली त्याला नियम कळलेलाच असतो.

यातले शेवटचे विधान चुकीचे आहे, आणि ते दाखवायला वरचीच मालिका पुरेशी आहे. तिच्यावर ती हुकमी रीत काटेकोरपणे चालवून पाहू. पहिले फरक येतात १, २, ४, ८. त्यांचे फरक १, २, ४. पुन्हा फरक १, २. आणखी एकदा घेतला की उरतो एकटा १. आता रीतीप्रमाणे या शेवटच्या ओळीत तोच १ कायम धरून वर चढायचे. २ मध्ये १ मिळवून ३, वरच्या ओळीत ४ मध्ये ३ मिळवून ७, त्याच्या वर ८ मध्ये ७ मिळवून १५ आणि मूळ ओळीत १६ मध्ये १५ मिळवून ३१. बत्तीस नव्हे, एकतीस. शिकवलेली रीत एक उत्तर देते आणि मुलाच्या मनात आलेली ‘दुप्पट’ दुसरे देते. मुलाने ३२ लिहिले ते रीत बाजूला ठेवून, एक नियम मनात धरून. तो नियम त्याने सांगितलाच नाही, तर तो त्याने ओळखला की पाठ असलेली मालिका आठवली, हे तपासणाऱ्याला कसे कळावे?

कोणी म्हणेल, ३१ हे ओढूनताणून आणलेले उत्तर आहे. तसे नाही. एक वर्तुळ काढा, त्याच्यावर काही बिंदू घ्या आणि प्रत्येक दोन बिंदू जोडणारी जीवा काढा. वर्तुळाच्या आतल्या जागेचे किती भाग पडतात ते मोजा. एका बिंदूला १ भाग, दोनला २, तीनला ४, चारला ८, पाचला १६. सहा बिंदू घेतले की भाग पडतात ३१. दुप्पट होण्याचे थांबले असे वाटते, पण दुप्पट हा या मालिकेचा नियम कधी नव्हताच. नियम असा आहे: एक, अधिक जीवांची संख्या, अधिक जीवा आतमध्ये जिथे एकमेकींना छेदतात त्या बिंदूंची संख्या. कारण उघड आहे. नवी जीवा काढताना ती जुन्या जीवेला छेदते तेव्हा एक भाग वाढतो आणि ती पलीकडे वर्तुळाला टेकते तेव्हा आणखी एक वाढतो. पाच बिंदूंना १० जीवा आणि ५ छेदनबिंदू, म्हणून १ + १० + ५ = १६. सहा बिंदूंना १५ जीवा आणि १५ छेदनबिंदू, म्हणून ३१.

याच आकृतीत एक खाचखळगा आहे आणि तो शब्दांची बाजू आणखी भक्कम करतो. एखाद्या टापटिपीच्या मुलाने सहा बिंदू अगदी सारख्या अंतरावर घेतले, तर त्याला ३१ नव्हे, ३० भाग मिळतात. समोरासमोरचे बिंदू जोडणाऱ्या तिन्ही जीवा मध्यबिंदूतून जातात, तीन छेदनबिंदूंचा एकच होतो आणि मधला चिमुकला त्रिकोण नाहीसा होतो. म्हणजे नियमाच्या वाक्यात ‘आत कुठेही तीन जीवा एका बिंदूत मिळू नयेत’ ही अट हवीच. ती अट संख्यांच्या रांगेत दिसत नाही. ती फक्त वाक्यात मांडता येते. मालिकेची पदे कितीही डोळे ताणून पाहिली तरी ३० आणि ३१ यांच्यातला फरक का पडला हे तिथून कळणार नाही.

आता दुसरा पक्ष. हा विद्वानांचा आहे आणि अधिक कडक आहे. ते म्हणतात, अशी उदाहरणे मुळातच निरर्थक आहेत. दिलेल्या काही संख्यांपुढे कुठलीही संख्या बसवता येते आणि तिच्यासाठी नियमही रचता येतो. दाखला म्हणून २, ४, ६, ८ घ्या. पुढची संख्या ३४ ठेवायची आहे? मग नियम असा: पदाच्या क्रमांकाची दुप्पट करा, आणि क्रमांकातून १, २, ३, ४ एकेकदा वजा करून येणाऱ्या चार संख्यांचा गुणाकार त्यात मिळवा. पहिल्या चारही पदांना त्या चार संख्यांपैकी एक शून्य असते, म्हणून गुणाकार शून्य. पाचव्या पदाला तो ४ × ३ × २ × १ म्हणजे २४, आणि १० अधिक २४ बरोबर ३४. गणित निर्दोष आहे. म्हणून, त्यांच्या मते, १० लिहिणाऱ्याला गुण देणे आणि ३४ लिहिणाऱ्याला न देणे हा अन्याय आहे.

हा आक्षेप संख्येला उत्तर मानणाऱ्यांविरुद्ध निर्णायक आहे, हे मान्य. शब्दांतल्या नियमाविरुद्ध मात्र तो टिकत नाही. वरचे वाक्य पुन्हा वाचा. त्याचा पूर्वार्ध दिलेल्या चारही संख्या एकट्याने उभ्या करतो. उत्तरार्ध त्या चारांपैकी एकीलाही हात लावत नाही, कारण चारही ठिकाणी तो शून्य आहे. दिलेल्या पदांत त्याच्या बाजूने एकही पुरावा नाही. तो पाचव्या जागी हवी ती संख्या आणण्यासाठीच जोडलेला आहे: गुणाकार निम्मा केला तर २२ येतील, दुप्पट केला तर ५८. जो भाग उत्तर आधी ठरवून मगच लिहिता येतो, त्याने उत्तर शोधले असे म्हणता येणार नाही. आणि हे केव्हा दिसते? नियम वाक्यात लिहायला लावला तेव्हाच. नुसते ३४ आणि नुसते १० यांत यातले काहीच दिसत नाही.

यावरून एक नियम तेवढा खरा आणि बाकीचे खोटे असे मात्र सिद्ध होत नाही. ३१ आणि ३२ यांचे तसे नाही. दोन्हींमागे सुटसुटीत नियम आहेत आणि दोन्ही पाचही पदे स्वतःच्या बळावर उभी करतात. अशा ठिकाणी दोष उदाहरण रचणाऱ्याचा. रिकामी जागा शेवटी ठेवण्याऐवजी तिच्यापुढे एक पद दिले असते तर तिढा सुटला असता. १, २, ४, ८, १६, रिकामी जागा, ६४ असे लिहिले की दुपटीचा नियम उरतो. शेवटी ५७ लिहिले की जीवांचा उरतो, कारण सात बिंदूंना २१ जीवा आणि ३५ छेदनबिंदू, अधिक १. मधली जागा रिकामी ठेवलेले उदाहरण म्हणूनच शेवटची जागा रिकामी ठेवलेल्यापेक्षा चांगले. रिकाम्या जागेपलीकडचे पद मुलाच्या नियमाची परीक्षा घेते, आणि ही परीक्षा मूल स्वतःच घेऊ शकते.

मग नियम पुरेसा सांगितला, असे केव्हा म्हणावे? माझी कसोटी साधी आहे. मालिका न पाहिलेल्या मुलाच्या हाती ते वाक्य द्यावे. त्याने तेवढ्यावरून मालिका जशीच्या तशी लिहिली पाहिजे. २, ५, ८, ११ या मालिकेसाठी ‘संख्या वाढत जातात’ हे वाक्य या कसोटीला उतरणार नाही. ‘दर वेळी ३ मिळवा’ हेही उतरत नाही, कारण त्यावरून कोणी १, ४, ७ लिहील. सुरुवात सांगायलाच हवी. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या लीलावतीत श्रेढीचे गणित मांडताना म्हणूनच आदी आणि चय ही दोन्ही नावे ठेवली: पहिले पद आणि दर वेळची वाढ. गच्छातून, म्हणजे पदांच्या संख्येतून, एक वजा करून चयाने गुणावे व आदी मिळवावा, की अंत्यधन येते. आपल्या मालिकेचे पन्नासावे पद ४९ × ३ + २, म्हणजे १४९. ‘आधीच्यात ३ मिळवा’ म्हणणाऱ्याला तिथे पोचायला एकोणपन्नास बेरजा कराव्या लागतील. दोन्ही वाक्ये खरी, पण पहिल्यात पदाच्या क्रमांकाशी असलेले नाते सापडलेले आहे. नुसती पुढची संख्या १४ लिहिणाऱ्या दोन मुलांत हा भेद आपल्याला कधीच दिसला नसता.

एक आक्षेप मला मनापासून गंभीर वाटतो. ज्यांच्या घरची बोली पुस्तकी मराठीहून वेगळी आहे, किंवा ज्यांना लिहिताना अडखळायला होते, त्या मुलांना शब्दांची सक्ती म्हणजे दुहेरी शिक्षा होईल. ती होऊ द्यायची नसेल तर कसोटी भाषेची नव्हे, नियमाची ठेवावी. ३, ५, ९, १७ साठी ‘तीनापासून धरा, मागल्याची दुप्पट अन् एक कमी’ या उत्तराला पूर्ण गुण मिळाले पाहिजेत. तोंडी सांगितले तरी चालावे, बाण काढून त्यावर शब्द लिहिले तरी चालावे. त्यावरून दुसऱ्या मुलाला मालिका लिहिता आली म्हणजे झाले.

फरक काढण्याच्या रीतीला मी निरुपयोगी म्हणत नाही. तिचे खरे काम कोणते, ते नारायण पंडितांच्या १३५६ सालच्या गणितकौमुदीतल्या गायींच्या उदाहरणावरून समजते. एक गाय दर वर्षी एक कालवड देते आणि प्रत्येक कालवड चौथ्या वर्षापासून स्वतः दर वर्षी एक कालवड देऊ लागते. वर्षाअखेरीचा कळप मोजत गेले की २, ३, ४, ६, ९, १३, १९ अशी मालिका येते. फरक काढा: १, १, २, ३, ४, ६. पुन्हा काढले तरी एकच संख्या टिकून राहत नाही, ती ओळ कधी स्थिर होतच नाही. हुकमी रीतीने चालणारा इथे अडकतो. पण फरकांची ओळ वाचणाऱ्याला दिसते की तिच्यात मूळ मालिकाच तीन घरे मागून चालली आहे. ६ नंतर ९ होताना वाढले ३, आणि ३ हा त्याच्या तीन वर्षे आधीचा कळप. हे वाक्यात मांडले की कारणही हाती येते: जितक्या गायी तीन वर्षांपूर्वी कळपात होत्या, तितक्याच आता विण्याजोग्या आहेत, म्हणून तितकीच भर पडते. यंदाचा कळप म्हणजे गेल्या वर्षीचा कळप अधिक तीन वर्षांपूर्वीचा. नारायण पंडितांनी वीस वर्षांनंतरचा कळप विचारला होता. १९ च्या पुढे या एका वाक्याने चालत जा, २८, ४१, ६०, ८८ असे करत विसाव्या वर्षी २७४५ मिळतात.